चित्रातला फलक आणि रस्त्यावरचा फलक

जाहिरातीच्या होर्डिंगसाठी पैसे मोजण्यापूर्वी ग्राहकाला एक चित्र दाखविण्याची पद्धत आहे. चित्रात एखादा चौक असतो, सिग्नलपाशी मोटारी खोळंबलेल्या असतात, आणि वरच्या फलकावर अद्याप छापलीही न गेलेली जाहिरात झळकत असते. या चित्राला धंद्यात मॉकअप म्हणतात. ही युक्ती संगणकाबरोबर आली, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु तिचा एक पूर्वज अठराव्या शतकातला आहे. हम्फ्री रेप्टन या इंग्रज गृहस्थाने १७८८ साली बागा आखण्याचा व्यवसाय पत्करला. तो आपल्या धनिक यजमानांना तांबड्या बांधणीची एक वही देई. तीत त्यांच्या जमिनीचे आहे तसे जलरंगचित्र असे आणि त्याच्या काही भागावर कागदाची झडप असे. झडप उचलली की खाली नियोजित बाग दिसे. आजचे मॉकअप म्हणजे हीच झडप होय.

अशा चित्राला दोन कसोट्या लागतात. पहिली कसोटी यथादर्शनाची. फलक तिरका दिसत असेल तर त्याची जवळची कड उंच आणि दूरची ठेंगणी दिसते. समजा, चित्रात जवळची कड चार इंच, दूरची दोन इंच आणि दोहोंमधले आडवे अंतर तीन इंच आहे. फलकाचा खरा मध्य कोठे? नवशिका दीड इंचावर खूण करील. पण फलकाचे कर्ण काढून पाहिले तर ते जवळच्या कडेपासून दोन इंचांवर छेदतात, आणि तोच खरा मध्य. म्हणजे जाहिरातीच्या जवळच्या अर्ध्याला दोन इंच मिळाले पाहिजेत आणि दूरच्या अर्ध्याला अवघा एक. कर्णाची ही पारख नवी नव्हे. इटलीतील आल्बेर्ती याने १४३५ साली चित्रकलेवर लिहिताना चौकटीच्या फरशीचे चित्र बरोबर उतरले की नाही, हे कर्णावरूनच ताडण्यास सांगितले आहे. ज्या मॉकअपमध्ये जाहिरात नुसती कलती करून बसविलेली असते, तेथे दूरची अक्षरे अकारण पसरट दिसतात. डोळ्याला काहीतरी खटकते, पण काय ते सांगता येत नाही.

आता हा हिशेब संगणक करतो. चारही कोपरे नेमके दाखवून दिले की मधला प्रत्येक बिंदू तो जागच्या जागी बसवितो. फोटोशॉपमध्ये १९९४ साली थर आले, आणि फलकापुढची झाडाची फांदी किंवा विजेची तार जाहिरातीच्या वरच्या थरात ठेवणे सोपे झाले. एवढे करूनही जाहिरातीतला पांढरा रंग भोवतालच्या आभाळाहून उजळ राहिला, तर चिकटवलेला कागद लगेच ओळखू येतो. तो रंग त्या वेळच्या उजेडाइतका मंद करावाच लागतो.

दुसरी कसोटी आकाराची, आणि येथे संगणक काहीच बोलत नाही. समजा, चाळीस फूट रुंदीचा फलक चारशे फुटांवरून समोर दिसतो. रुंदी अंतराच्या दहावा हिस्सा झाली. म्हणून डोळ्यापासून वीस इंचांवर धरलेल्या चित्रात तो फलक दोनच इंच रुंद हवा. ग्राहकापुढे येणाऱ्या चित्रात मात्र तो सहा इंच असतो. कारण छायाचित्र दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगाने घेतलेले असते, किंवा भोवतालचा रस्ता कापून टाकलेला असतो. फलकाच्या तळाशी सहा इंच उंचीची अक्षरे आहेत असे धरू. सहा इंची चित्रात ती वर्तमानपत्रातल्या अक्षरांएवढी, सहज वाचता येणारी दिसतात. दोन इंची चित्रात त्यांची उंची इंचाचा चाळिसावा भाग उरते, आणि त्यातल्या वेलांट्या-मात्रा कोण ओळखणार? ताशी साठ किलोमीटर वेगाच्या मोटारीला चारशे फूट ओलांडायला सुमारे सात सेकंद लागतात. अक्षरे वाचनीय होईपर्यंत त्यातली बरीचशी निघून जातात. मग फलक उभा राहतो, टेलिफोन वाजत नाही, आणि दोष जाहिरातीच्या मजकुराला दिला जातो. मजकूर खरोखर नापास झाला होता तो चित्रातच. पण त्या चित्राने ते लपविले.

रेप्टनच्या कित्येक बागा वहीतच राहिल्या. त्याच्या यजमानाला निदान ती जमीन पायाखालची होती. चित्र हातात घेऊन तो त्या जागी उभा राहू शकत होता. आजचा ग्राहक पुष्कळदा तो चौक न पाहताच सही करतो. त्याने सही करण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात : हे छायाचित्र फलकापासून किती अंतरावरून घेतले आहे, आणि फलकाची रुंदी किती फूट आहे? त्या दोन आकड्यांवरून चित्रातला फलक किती इंच असावयास हवा, हे तो स्वतःच काढू शकेल. तेवढा लहान करून हातभर अंतरावर धरलेल्या चित्रात जे वाचता येईल, तेवढ्याच मजकुराचे पैसे मोजावेत.