शून्य वर्ष नसलेल्या गणनेत वय

इसवी सनापूर्वी जन्मलेल्या पुरुषाचे मृत्युसमयीचे वय काढताना दोन्ही वर्षांची सरळ बेरीज केलेली आम्ही अनेकदा पाहिली आहे. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याचेच उदाहरण घेऊ. त्याचा जन्म इ. स. पू. ६३ च्या २३ सप्टेंबरचा व मृत्यू इ. स. १४ च्या १९ ऑगस्टचा. ६३ व १४ मिळून ७७ होतात. परंतु ऑगस्टस तितका जगला नाही.

डायोनिसियस या भिक्षूने इ. स. ५२५ मध्ये ही गणना मांडली, तीत शून्य वर्ष नाही. इ. स. पू. १ संपताच इ. स. १ लागते. इ. स. पू. १ च्या सप्टेंबरपासून इ. स. १ च्या सप्टेंबरपर्यंत एकच वर्ष लोटते. बेरीज मात्र दोन सांगते. म्हणून बेरजेतून एक वजा करावा. उरले ७६.

आता वाढदिवस पाहावा. ऑगस्टसला शहात्तरावे वर्ष पुरे होण्यास ३५ दिवस उरले होते. तेव्हा त्याचे पूर्ण वय ७५. चरित्रकार सुएटोनियस हेच ३५ दिवस नमूद करतो, हा आमच्या हिशेबाचा पडताळा होय.

जन्म व मृत्यू दोन्ही इसवी सनापूर्वीचे असतील, तर मात्र हा एक वजा करू नये. तेथे साधी वजाबाकी करून वाढदिवस तेवढा पाहावा. आणि जन्मदिवसच अज्ञात असेल, तर एकच आकडा ठामपणे न लिहिता ‘७५ किंवा ७६’ असे लिहिणेच प्रामाणिकपणाचे.