ओल्या वस्त्राचे चित्रण
पावसाने भिजलेले कापड, ते पारदर्शक न करता व त्वचेचा वर्ण न बदलता, चित्रात दाखविण्याची रीत. तिचा आधार प्रकाशविज्ञानात आहे. स्वीडिश वातावरणवैज्ञानिक अँगस्ट्रॉम यांनी १९२५ मध्ये ओली वस्तू गडद का दिसते, याचे एक कारण दिले : परतणारा काही प्रकाश पाण्याच्या पटलातच परावर्तित होऊन पुन्हा वस्तूवर पडतो व अधिक शोषला जातो. १९८६ मध्ये टूमी, बोरेन व मर्गेन्थेलर यांनी दुसरे कारण मांडले. तंतूंमधील हवेची जागा पाण्याने घेतली, की प्रकाश कमी विखुरतो व खोलवर जातो. जाड, रंगीत सोलापुरी चादरीत तो शोषला जाऊन रंग केवळ गडद होतो. पातळ पांढऱ्या मलमलीतून तो आरपार जातो. १९९९ मध्ये येन्सेन, लेगाकिस व डॉर्सी यांनी संगणकीय चित्रणासाठी या दोन्ही कारणांना एकत्र गुंफले.

म्हणून अपारदर्शकता तशीच ठेवून कापडाचा रंगच गडद करावयाचा असतो. उदा., राखी सुती सदऱ्याच्या खांद्यांवर अनियमित कडांचे डाग घेऊन तेथील उजळपणा सुमारे एकतृतीयांशाने उतरवितात. चकाकी फक्त पाणी साचलेल्या घड्यांवर देतात. ती सर्वत्र दिल्यास कापड मेणकापडासारखे भासते. त्वचेचा थर वेगळा ठेवतात. बाहीच्या कडेपलीकडे दंड काळवंडला, तर डाग त्वचेवर उतरल्याचे ओळखावे. पांढऱ्या कापडात गडदपणा मळासारखा दिसतो. तेथे अंगाला चिकटलेल्या घड्यांवरच भर द्यावा लागतो.