अंगठ्यातली खडीसाखर

थॉमस सिडनहॅम हा सतराव्या शतकातला लंडनचा नामांकित डॉक्टर. १६८३ साली त्याने गाउटवर एक छोटंसं लॅटिन पुस्तक लिहिलं. त्यातलं पहिल्या झटक्याचं वर्णन आजही वैद्यकाच्या प्राध्यापकांना आवडतं. माणूस धडधाकट झोपतो. रात्री दोनच्या सुमारास पायाच्या अंगठ्यातल्या ठणक्याने जागा होतो. आधी हाडाचा सांधा निखळल्यासारखं वाटतं, मग थंडी भरते, थोडा ताप येतो आणि ठणका तासागणिक वाढत जातो. शेवटी अंगावरच्या पांघरुणाचा भारही सोसवत नाही. खोलीत कोणी जोरात पावलं टाकली तरी कळ येते. अंगठा लालबुंद, टम्म सुजलेला आणि हात लावू नये इतका गरम.

हे इतकं नेमकं लिहिता आलं, कारण सिडनहॅमला स्वतःला कित्येक वर्षं गाउट होता.

त्याने आणखी एक निरीक्षण नोंदवलं, की हा रोग गरिबांपेक्षा श्रीमंतांना आणि मूर्खांपेक्षा शहाण्यांना जास्त गाठतो. (दुसरा भाग लिहिताना तो स्वतःची समजूत काढत असावा, असा माझा संशय आहे.) श्रीमंतांबद्दलचं निरीक्षण मात्र त्याच्या एकट्याचं नव्हतं. आपल्याकडे चरकसंहितेत ‘वातरक्त’ नावाचा याच्याशी मिळताजुळता आजार आहे आणि त्याचं एक नाव ‘आढ्यवात’ असं दिलंय. आढ्य म्हणजे धनवान. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन वैद्यकपरंपरा एकाच निष्कर्षावर आल्या. खातापिता माणूस सुजतो.

इथून पुढे गाउट हा रोग कमी आणि आरोप जास्त झाला. १७८० साली बेंजामिन फ्रँकलिनने स्वतःचा आणि आपल्या गाउटचा एक संवाद लिहिला. त्यात गाउटबाई त्याला झापतात, की खातोस फार, पितोस फार आणि बुद्धिबळाच्या पटावरून हलत नाहीस. संवाद मजेदार आहे, पण त्यातलं गृहीतक बघा. दुखतंय, म्हणजे रुग्णाने काहीतरी केलंच असणार. आज अंगठा सुजला की घरातलं पहिलं वाक्य हेच असतं, “काय खाल्लंस काल?”

रोगाचा खरा शोध मात्र ताटापासून लांब, काचेच्या बशीत लागत होता. १७७६ मध्ये कार्ल शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला मूतखड्यात एक नवं ॲसिड सापडलं, तेच पुढे युरिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. १७९७ मध्ये विल्यम वॉलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने गाउटच्या रुग्णाच्या गाठीतला खडूसारखा पांढरा पदार्थ तपासला, तर तिथेही तेच निघालं. पण ते ॲसिड जिवंत माणसाच्या रक्तात असतं का, हे कोणाला दाखवता आलं नव्हतं.

ते आल्फ्रेड गॅरड या लंडनच्या डॉक्टरने १८४८ मध्ये दाखवलं. पुढे काही वर्षांत त्याने त्याची इतकी सोपी चाचणी बनवली, की ती मला इतिहासातल्या सगळ्यात सुंदर चाचण्यांपैकी एक वाटते. रुग्णाचं रक्त काढायचं आणि ते गोठून वर जे पिवळसर पाणी सुटतं, ते चमचा-दीड चमचा एका पसरट बशीत घ्यायचं. त्यात व्हिनेगरमधल्या ॲसिडचे थोडे थेंब टाकायचे. तागाच्या जाड्याभरड्या कापडातून एक-दोन बारीक तंतू काढायचे, इंचभर लांबीचे, आणि ते त्या पाण्यात बुडवून ठेवायचे. मग दीड ते अडीच दिवस थांबायचं. पाणी आटून दाटसर झालं की सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. गाउट असेल तर तंतूवर युरिक ॲसिडचे स्फटिक धरलेले दिसतात, दोऱ्यावर खडीसाखर धरते तसे. निरोगी माणसाचा तंतू कोरडा राहतो.

अडीच दिवस लागणारी टेस्ट आज कोणी प्रॉडक्शनमध्ये जाऊ देणार नाही. पण या दोऱ्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, दुखण्याचं मूळ रक्तात विरघळलेल्या आणि मग स्फटिक होऊन सांध्यात बसलेल्या पदार्थात आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. गॅरडने त्याच रुग्णांची लघवीही तपासली. तिथे युरिक ॲसिड जास्त असायला हवं होतं, पण ते कमी निघालं. म्हणजे माल नुसता जास्त येत नव्हता, बाहेर जाण्याची वाट तुंबली होती. गॅरडने बोट मूत्रपिंडाकडे दाखवलं.

आज आपल्याला माहीत आहे की शरीरातलं साधारण दोन तृतीयांश युरिक ॲसिड आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून तयार होतं आणि अन्नातून येतं ते एक तृतीयांश. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते पुढे मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं, पण आपल्या पूर्वजांनी ते उत्क्रांतीच्या ओघात गमावलं. त्यामुळे आपली सगळी भिस्त मुख्यतः मूत्रपिंडावर आणि थोडी आतड्यावर. मूत्रपिंड किती बाहेर टाकणार आणि किती परत आत ओढणार, हे बरंचसं जनुकं ठरवतात.

गॅरडचा हा मुद्दा त्याच्याच शहरात लवकर हरवला. अलेक्झांडर हेग नावाच्या डॉक्टरला स्वतःला भयंकर अर्धशिशी होती आणि मांस सोडल्यावर त्याला आराम पडला. तेवढ्यावरून १८९२ मध्ये त्याने एक जाडजूड ग्रंथ काढला आणि डोकेदुखीपासून फेफऱ्यापर्यंत जवळपास सगळ्याचं खापर युरिक ॲसिडवर फोडलं. त्याच्या पथ्यात मांस-मासे तर बंद होतेच, पण वाटाणे, बीन्स, डाळी, मशरूम, चहा आणि कॉफीसुद्धा बंद. ही यादी ओळखीची वाटते ना? आज कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी फिरते ती फार वेगळी नसते. फक्त ॲस्परॅगसच्या जागी पालक आलाय, आणि ‘ॲसिड’ या शब्दामुळे दही, लिंबू, चिंच असं सगळं आंबट त्यात ओढलं गेलंय. खरं तर आंबट चवीचा युरिक ॲसिडशी काही संबंध नाही. ते तयार होतं प्युरिन नावाच्या द्रव्यातून, जे पेशींच्या डीएनएत असतं.

स्फटिकांवरचा शेवटचा संशय १९६१ मध्ये फिटला. अमेरिकेत डॅनियल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांनी सुजलेल्या सांध्यातलं पाणी सुईने काढून विशिष्ट प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर सुईसारखे टोकदार स्फटिक चमकताना दिसले. पुढच्या वर्षी मॅकार्टी आणि त्याचा सहकारी फेअर्स यांनी ते स्फटिक चक्क आपापल्या निरोगी गुडघ्यात टोचून घेतले. काही तासांत दोघेही कळवळत होते. (असा प्रयोग आज कुठलीही नीतिसमिती मंजूर करणार नाही.)

सांध्यातलं पाणी तपासणं हाच अजूनही निदानाचा सर्वांत पक्का मार्ग आहे, आणि तो एका वेगळ्या कारणानेही महत्त्वाचा आहे. लाल, गरम, सुजलेला सांधा जंतुसंसर्गानेही होतो. ताप चढत असेल किंवा दुखणं नेहमीपेक्षा वेगळं असेल, तर “गाउटच आहे” म्हणून घरी थांबणं सांधा गमावण्याइतकं महाग पडू शकतं. केवळ रक्ताच्या रिपोर्टवर विसंबताही येत नाही. ऐन झटक्यात बऱ्याच जणांचं युरिक ॲसिड नॉर्मल येतं, म्हणून ते दोन-चार आठवड्यांनी पुन्हा मोजतात. उलट, रिपोर्टमध्ये आकडा जास्त असलेल्या बहुतेकांना कधीच गाउट होत नाही.

मग अंगठाच का? दर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ६.८ मिलिग्रॅमपर्यंत हे द्रव्य विरघळलेलं राहतं. पण ही मर्यादा शरीराच्या आतल्या ३७ अंश तापमानाची आहे. थंडाव्यात ती खाली येते, आणि पायाचा अंगठा हा शरीराचा सगळ्यात थंड कोपऱ्यांपैकी एक. पाक थंड झाला की साखर धरते, त्यातलाच प्रकार.

आता हिशेब करू. समजा, तिशीतल्या एकाचा आकडा ८.८ आहे. तो हेगची यादी फ्रिजवर चिकटवतो आणि महिनोन्‌महिने काटेकोरपणे पाळतो. कडक पथ्याने आकडा साधारण १ ने उतरतो. म्हणजे ७.८. तो अजूनही ६.८ च्या वर आहे, त्यामुळे आधी जमलेले स्फटिक विरघळत नाहीत आणि नवे धरत राहतात. पुढचा झटका आला की घरचे म्हणतात, नक्कीच चोरून खाल्लं असेल. आकडा ७.२ असता तर तेच पथ्य कामी आलं असतं.

बरं, पथ्यातलं नेमकं काय उपयोगी? अमेरिकेत ४७,१५० पुरुषांवर १२ वर्षं नजर ठेवून २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या काळात ७३० जणांना नव्याने गाउट झाला. मांस आणि मासे-कोलंबी जास्त खाणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला. दूध-दही जास्त घेणाऱ्यांत तो कमी होता. आणि डाळी, पालक, मशरूम अशा प्युरिनवाल्या शाकाहारी पदार्थांमुळे धोका वाढलेला दिसलाच नाही. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासांत बिअर आणि साखर घातलेली कोल्ड्रिंक दोषी ठरली, तर कॉफी उलट निर्दोष. हा सगळा एकाच देशातल्या, आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या पुरुषांचा डेटा आहे आणि केवळ निरीक्षणाचा आहे, हे धरून चालायचं. पण जो शाकाहारी माणूस डाळ बंद करून प्रोटीन गमावतो आणि रोजचं कोल्ड्रिंक चालू ठेवतो, त्याचं पथ्य नेमकं उलटं पडतंय एवढं नक्की.

२०१८ मध्ये हजारो लोकांचं खाणं आणि जनुकं शेजारी ठेवून पाहिली गेली. माणसामाणसांतल्या युरिक ॲसिडच्या फरकापैकी कुठल्याही एका खाद्यपदार्थाने १ टक्क्याहूनही कमी फरक उलगडला. जनुकांनी जवळपास २४ टक्के. गॅरडचा दोरा दीडशे वर्षांपूर्वी तेच म्हणत होता.

आकडा खाली आणणारं औषधही चुकून हाती लागलं. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज ल्युकेमियाच्या एका औषधावर काम करत होते. ते शरीरात फार लवकर मोडून जाई, म्हणून त्याला वाचवणारं दुसरं रसायन त्यांनी शोधलं, ॲलोप्युरिनॉल. मूळ हेतू फारसा साधला नाही, पण ते घेणाऱ्यांचं युरिक ॲसिड धडाधड उतरलं. १९६६ मध्ये ते गाउटसाठी अमेरिकेत बाजारात आलं. दोघांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं, त्यामागच्या कामांत हेही होतं.

या औषधाची एक खोड मात्र रुग्णाला आधी सांगावी लागते. सुरुवातीच्या महिन्यांत जुने स्फटिक विरघळून सुटायला लागतात आणि झटके वाढू शकतात. म्हणून डॉक्टर कमी मात्रेने सुरू करतात, सोबत काही महिने सूज आवरणारी गोळी देतात आणि आकडा ६ च्या खाली येईपर्यंत मात्रा हळूहळू वाढवत नेतात. हे न सांगता चिठ्ठी दिली, तर तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता अंगठा पुन्हा पेटतो, “गोळीनेच झालं” म्हणून पाकीट ड्रॉवरमध्ये जातं आणि सकाळी घरात डाळ बंद होते.