शेड्यूल एच-१ नोंदवही (औषधदुकानातील)

परिशिष्ट एच-१ मधील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र वही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांतील २०१३च्या दुरुस्तीने हे परिशिष्ट आले आणि १ मार्च २०१४पासून लागू झाले. सेफिक्झिमसारखी प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे, ट्रामाडॉल व अल्प्राझोलाम ही त्यात मोडतात. औषध देतानाच डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या लिहावी लागते. वही तीन वर्षे जपून औषध निरीक्षकाने मागितल्यास दाखवावी लागते.

या रकान्यांत बॅच क्रमांक नाही, आणि हिशेब तिथेच सुटतो. म्हणून जाणते दुकानदार बॅच व खरेदी बिलाचा अनुक्रमांक हे दोन रकाने स्वतःहून जोडतात. त्यामुळे वितरकाच्या बिलातून आलेली प्रत्येक पट्टी विक्रीत, कपाटात किंवा परतीत सापडलीच पाहिजे.

उदाहरणार्थ, सेफिक्झिम २०० मिग्रॅच्या ‘अ’ बॅचच्या दहा गोळ्यांच्या दहा पट्ट्या आल्या. मुदत संपली तेव्हा वहीत विक्री ६४ गोळ्यांची. म्हणजे ३६ उरायला हव्यात. कपाटात मात्र दोन अखंड पट्ट्या आणि कापलेल्या पट्टीतल्या सहा गोळ्या, अशा २६च निघाल्या. आता नंतर आलेली ‘ब’ बॅच मोजावी. तिच्यात दहा गोळ्या जास्त निघाल्या, तर गोळ्या ‘अ’मधून गेल्या आणि नोंद ‘ब’वर पडली. ‘ब’ बरोबर जुळली, तर दहा गोळ्या नोंदीविना गेल्या असण्याची शक्यता मोठी. त्या दिवसांची बिले आणि वही समोरासमोर ठेवून ओळ शोधावी लागते. बॅच न लिहिणाऱ्या वहीत पहिली चूक कधीच दिसत नाही, कारण एकूण बेरीज जुळते. एखादी बॅच बाजारातून परत मागवली गेली, की ती कोणाला दिली हे मग अशा वहीवरून सांगता येत नाही.

पट्टीवर ‘जून’ छापले असेल, तर औषध ३० जूनपर्यंत विकता येते. १ जुलैला ते विक्रीच्या मालातून काढून, ‘विक्रीसाठी नाही’ असे ठळक लिहिलेल्या खोक्यात वेगळे ठेवावे. वहीतून ते लगेच वजा करू नये; ‘परतीस काढले’ एवढेच लिहावे. वितरकाला माल दिल्यावर परतीच्या चलनाचा क्रमांक आणि क्रेडिट नोट आल्यावर तिचा क्रमांक त्याच ओळीत चढवावा. क्रेडिट नोटवरचा बॅच क्रमांक चलनाशी ताडून पाहावा. वितरकाकडे अनेक दुकानांची परती एकत्र येते आणि तिथे बॅच बदलून पडते. कापलेली पट्टी वितरक बहुधा घेत नाही. त्या सहा गोळ्या परतीत दाखवल्या, तर क्रेडिट नोट कायमची सहाने कमी पडते. त्यांची नोंद विल्हेवाटीसाठी वेगळी करावी.