आत्महत्येचा धोका डॉक्टर कसा ओळखतात? जोखीम घटक, धोक्याचे इशारे आणि संरक्षक घटक यांतला फरक

'आत्महत्येची १० लक्षणे' अशा पोस्ट आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. कर्ज, नैराश्य, दारू, एकटेपणा, झोप उडणे, निरोपाचे मेसेज असे सगळे त्यांत एकाच यादीत लिहिलेले असते. मानसोपचारतज्ज्ञ मात्र मुलाखत घेताना ही यादी तीन भागांत वेगळी करतात, कारण प्रत्येक भाग वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. या तिन्हींची सरमिसळ झाली, तर घाबरण्याचे कारण नसताना आपण घाबरतो आणि खरा धोका समोर असताना तो नजरेतून सुटतो.

तीन याद्या, तीन प्रश्न

घाटातल्या दरडीचे उदाहरण घेऊ. डोंगराचा तीव्र उतार, भुसभुशीत माती आणि भरपूर पाऊस यांमुळे तो भाग दरडप्रवण ठरतो, पण म्हणून दरड आजच कोसळेल असे नाही. जमिनीला नव्या भेगा दिसू लागल्या आणि झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर मात्र लगेच हालचाल करावी लागते. झाडांची मुळे आणि बसवलेल्या जाळ्या माती धरून ठेवतात.

जोखीम घटक म्हणजे हा उतार. पूर्वी केलेला आत्महत्येचा प्रयत्न, मानसिक आजार, दारूचे व्यसन, जवळच्या नात्यात झालेली आत्महत्या, दीर्घ दुखणे आणि आर्थिक संकट हे नेहमी आढळणारे जोखीम घटक आहेत. 'या व्यक्तीला इतरांपेक्षा जास्त धोका आहे का?' या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळते. यांतले बरेच घटक वर्षानुवर्षे तसेच राहतात.

धोक्याचे इशारे म्हणजे नव्या भेगा. मरणाबद्दल बोलणे, साधनाची जमवाजमव, निरवानिरव, रात्र रात्र झोप नसणे, तीव्र अस्वस्थता, 'आता मार्गच उरला नाही' असे वाटणे, दारू अचानक वाढणे हे गेल्या काही तासांत किंवा दिवसांत झालेले बदल असतात. 'धोका आत्ता आहे का?' हे त्यांवरून कळते.

संरक्षक घटक म्हणजे मुळे आणि जाळ्या. जिवाभावाची माणसे, जबाबदारीची जाणीव, श्रद्धा, उपचारांवरचा विश्वास आणि मदत मागण्याची तयारी हे त्यांत येतात. 'या माणसाला कशाने धरून ठेवले आहे?' हा त्यांचा प्रश्न.

नुसत्या जोखीम घटकांवरून भाकीत का करता येत नाही?

जोखीम घटक असलेले लोक प्रचंड संख्येने असतात. कर्ज, दारू किंवा नैराश्य असलेले बहुतेक लोक आत्महत्या करत नाहीत. २०१७ मध्ये ५० वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कोणताही एक जोखीम घटक घेऊन केलेले भाकीत नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरे ठरते, असे त्यात दिसले. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर स्पष्टच सांगितले की, गुण देणाऱ्या प्रश्नावल्या वापरून पुढची आत्महत्या वर्तवू नये आणि रुग्णांवर कमी, मध्यम, जास्त अशी लेबलेही लावू नयेत.

मग मुलाखत घ्यायची कशासाठी? या माणसाची गरज काय आहे आणि आज काय केले तर तो सुरक्षित राहील, हे ठरवण्यासाठी. एका काल्पनिक उदाहरणातून हे पाहू.

मुलाखत: विलासराव, वय ४७

विलासराव तालुक्याच्या गावी धान्याचा छोटा व्यापार करतात. झोप येत नाही आणि पोटात जळजळ होते, अशी तक्रार घेऊन ते फॅमिली डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टरांनी त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत पाठवले. पत्नी सोबत आहे. तज्ज्ञ डॉक्टर आधी विलासरावांशी एकट्याने बोलतात, कारण घरच्यांसमोर माणूस 'तसं काही नाही' म्हणून मोकळा होतो.

आत्महत्येचा विषय थेट पहिल्या वाक्यात येत नाही. झोप, भूक, धंदा असे बोलत डॉक्टर तिथे पोचतात.

"रात्री जागे असता तेव्हा मनात काय येतं?"

"हेच, देणी कशी फेडायची. तेच तेच."

"एवढा ताण असला की काही लोकांना वाटतं, झोपलो की सकाळी उठूच नये. तुम्हाला असं कधी वाटलं?"

थोडा वेळ शांतता. "वाटतं कधी कधी."

"मग जीव द्यावा, असाही विचार येतो का?"

"...येतो."

प्रश्नांचा हा क्रम ठरलेला असतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या कोलंबिया प्रश्नावलीत पहिला प्रश्न मरण यावेसे वाटण्याबद्दल असतो आणि दुसरा स्वतःला संपवण्याच्या विचाराबद्दल. दुसऱ्याचे उत्तर 'हो' आले, तर पुढे तीन गोष्टी विचारतात: कसे करायचे याचा विचार केला का, तसे करण्याचा इरादा आहे का आणि बेत ठरला आहे का. पूर्वी किंवा गेल्या तीन महिन्यांत प्रयत्न वा तयारी केली का, हे मात्र प्रत्येकाला विचारायचे असते.

असे थेट विचारल्याने विचार डोक्यात शिरेल, ही भीती अनेकांना वाटते. अमेरिकेत शाळकरी मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आत्महत्येबद्दल प्रश्न विचारले, त्यांच्यात न विचारलेल्यांपेक्षा असे विचार किंवा मनाचा त्रास वाढलेला आढळला नाही. विचारणे टाळल्याने मात्र माणूस एकटाच राहतो.

विलासराव पुढे सांगतात की कसे करायचे ते मनात आहे आणि ते साधन घरातच आहे. बारा वर्षांपूर्वी एकदा प्रयत्न केला होता, तो कोणाला कळला नाही. काकांनी आत्महत्या केली होती. महिन्याभरापासून रोज दारू लागते.

पत्नी काय सांगते?

विलासरावांची संमती घेऊन डॉक्टर पत्नीशी बोलतात. ती म्हणते, "गेल्या आठवड्यात विम्याची कागदं कुठं ठेवलीत ते दाखवलं. उधारीची वही थोरल्या दिरांकडं दिली. पण डॉक्टर, दोन दिवसांपासून एकदम शांत झालेत. मला वाटलं, बरं वाटतंय."

हा तपशील खूप महत्त्वाचा आहे. खूप अस्वस्थ असलेला माणूस कारण नसताना अचानक शांत झाला, तर कधी कधी त्याचा अर्थ निर्णय झाला असा असतो. म्हणून डॉक्टर पुन्हा विलासरावांकडे जाऊन विचारतात, "दोन दिवसांत काय बदललं?" उत्तर येते, "आता फार विचार करायचा नाही असं ठरवलंय." ठरवलंय म्हणजे काय, हे विचारल्यावर बेत बाहेर येतो.

याद्या वेगळ्या केल्यावर काय दिसते?

पूर्वीचा प्रयत्न, काकांची आत्महत्या, कर्ज आणि दारू हे जोखीम घटक. यांतले पहिले दोन वर्षांपूर्वीचे आहेत. एवढेच असते, तर उपचार सुरू करून पुढच्या आठवड्यात बोलावणे कदाचित पुरेसे झाले असते.

निरवानिरव, उडालेली झोप, महिन्याभरात वाढलेली दारू, ठरलेला बेत, घरात असलेले साधन आणि अचानक आलेली शांतता हे इशारे. आजचा निर्णय याच यादीवरून होतो. दारू दोन्ही याद्यांत आहे, हेही लक्षात घ्या. जुने व्यसन हा जोखीम घटक असतो, तर त्यात अलीकडे झालेली वाढ हा इशारा असतो.

तुलनेसाठी सत्तरीच्या एका विधवा आजींचा विचार करा. त्या एकट्या राहतात, सांधे दुखतात, पूर्वी नैराश्याचे उपचार झालेले आहेत. जोखीम घटक बरेच, पण झोप नीट आहे, रोज भजनाला जातात आणि मरणाबद्दल विचारल्यावर म्हणतात, "बोलावणं येईल तेव्हा जाईन, घाई नाही." त्यांच्यात आज एकही इशारा नाही.

संरक्षक घटक तोलून पाहावे लागतात

विलासरावांना दहावीतली मुलगी आहे. फॉर्मवर 'मुलगी आहे, कुटुंबाचा आधार आहे' असे लिहून मोकळे होता येते, आणि चूक नेमकी इथेच होते. डॉक्टर विचारतात, "मुलीचा विचार आला की काय वाटतं?" ते म्हणतात, "माझ्यामुळं तिच्या शिक्षणाचं वाटोळं होतंय. मी नसलो तर विम्याचे पैसे तरी मिळतील."

म्हणजे जी गोष्ट कागदावर आधार दिसते, तीच त्यांच्या मनात ओझे झाली आहे. 'मी घरच्यांवर भार आहे' ही भावना स्वतःच एक गंभीर इशारा आहे. म्हणून संरक्षक घटक आहे की नाही एवढे पाहून चालत नाही, तो आज काम करतोय का हे विचारावे लागते. शिवाय वजाबाकीचे गणित इथे लागू होत नाही. चार आधार आहेत म्हणून ठरलेल्या बेताचा धोका रद्द होत नाही.

विलासरावांच्या बाबतीत काम करणारा घटक वेगळाच निघाला: ते स्वतःहून फॅमिली डॉक्टरांकडे गेले आणि इथे विचारल्यावर खरे बोलले. मनाचा एक भाग अजून जगू पाहतोय. पुढचे उपचार याच धाग्याला धरून होतात.

मग निर्णय काय झाला?

बेत, इरादा आणि साधन तिन्ही असल्याने त्याच दिवशी दाखल होण्याचा सल्ला दिला जातो. विलासराव तयार होतात, पत्नी सोबत राहते आणि दीर घरातले साधन ताबडतोब हलवतात. पोलिसांची भीती घालायचे कारण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, त्यामुळे त्यासाठी शिक्षेऐवजी उपचार अपेक्षित आहेत.

घरी सोडण्यापूर्वी त्यांच्यासोबत बसून एक 'सुरक्षा योजना' कागदावर लिहिली जाते. माझ्यात कोणते बदल दिसले की सावध व्हायचे, एकट्याने काय करायचे, कुठे आणि कोणाकडे जाऊन बसायचे, मदत कोणाकडे मागायची, कोणत्या डॉक्टरांना किंवा हेल्पलाइनला फोन करायचा, घर सुरक्षित कसे ठेवायचे, असे सहा भाग त्यात असतात. 'असे करणार नाही' अशी शपथ लिहून घेण्याची जुनी पद्धत उपयोगी असल्याचा पुरावा नाही. रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार नाजूक असतात, म्हणून पहिली भेट काही दिवसांतच ठरवली जाते. प्रत्येक भेटीत इशारे नव्याने विचारले जातात, कारण आजच्या मुलाखतीचे उत्तर आजपुरतेच असते.

मुलाखतीच्या मर्यादा

माणूस लपवू शकतो. काहींच्या बाबतीत विचार आणि कृती यांत काही मिनिटांचेच अंतर असते, त्यामुळे बेत नसणे म्हणजे धोका नसणे असे होत नाही. म्हणूनच घरच्यांची माहिती आणि घरातल्या साधनांची विचारपूस मुलाखतीत नेहमी असते.

थोडक्यात: जोखीम घटक दिसले तर लक्ष ठेवा आणि उपचार सुरू करा. इशारे दिसले तर आजच हालचाल करा, त्या व्यक्तीला एकटे सोडू नका, थेट विचारा आणि रुग्णालयात न्या. 'एवढा चांगला संसार आहे, तो असं करणार नाही' या भरवशावर थांबू नका.

*तुमच्या किंवा जवळच्या कोणाच्या मनात असे विचार येत असतील, तर टेलि-मानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, २४ तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येते. तातडीचा धोका असेल तर ११२ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा.*