सेकंद, मिलिसेकंद आणि जानेवारी १९७०

संगणकाने छापलेल्या एखाद्या पावतीवर किंवा नोंदीवर २१ जानेवारी १९७० अशी तारीख दिसली, म्हणजे पाहणाऱ्याला वाटते की यंत्र बिघडले. पण यंत्राने आपला हिशेब चोख केलेला असतो. त्याच्या हाती जी संख्या आली ती कोणत्या मापाने मोजलेली होती, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते. हे माप हरवले कसे, याला एक इतिहास आहे, आणि तो पन्नासएक वर्षांपेक्षा जुना नाही.

जुनी मराठी कागदपत्रे चाळणाऱ्यांना अशा अडचणीची ओळख आहे. वर्षाचा नुसता आकडा पुढे असला तरी तो शालिवाहन शकाचा, फसलीचा की शुहूर सनाचा, हे ठरल्यावाचून इसवी सन काढता येत नाही. शकात ७८, फसलीत ५९० आणि शुहूर सनात ५९९ मिळवायचे, आणि महिना पाहून त्यात एकाची भर घालायची की नाही ते ठरवायचे. संगणकाचाही असाच एक शक आहे. त्याचा आरंभ १ जानेवारी १९७० रोजी ग्रिनिचच्या मध्यरात्री धरलेला आहे. आपल्याकडे त्या वेळी पहाटेचे साडेपाच वाजले होते. म्हणून ज्या रकान्यात काहीच लिहिलेले नसते, म्हणजे शून्य असते, त्याची तारीख आपल्या पडद्यावर १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० अशी उमटते. अमेरिकेत तेच शून्य ३१ डिसेंबर १९६९ ची सायंकाळ दाखवते.

हा शक प्रथमपासून असा नव्हता. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली उभी केली. तिची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची आहे. तीत काळ मोजला आहे तो १ जानेवारी १९७१ पासून, आणि तोही सेकंदाच्या साठाव्या भागांत. साठच का, तर तिथल्या घरगुती विजेचा प्रवाह सेकंदाला साठ आवर्तने करतो आणि यंत्रातील घड्याळ त्या ठेक्यावर चाले. (हीच प्रणाली मुंबईत जन्मली असती, तर बहुधा पन्नासावा भाग पत्करावा लागला असता!) मोजणीसाठी ३२ द्विमान अंकांची जागा होती. एवढ्या जागेत सेकंदाचे साठावे भाग मावतात ते जेमतेम सव्वादोन वर्षांचे. माहितीपुस्तिकेनेच ही उणीव कबूल केली होती. पुढे १९७३ च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत कर्त्यांनी माप बदलले. साठावा भाग गेला, पूर्ण सेकंद आला, आणि आरंभ १९७० वर स्थिरावला. त्याच ३२ अंकांत आता अडुसष्ट वर्षे मावू लागली. ती १९ जानेवारी २०३८ रोजी संपतात. अनेक प्रणालींनी तेवढ्यासाठी ६४ अंकांची जागा केली आहे, पण तो विषय निराळा.

आजच्या घोटाळ्याचे मूळ १९९५ च्या सुमाराचे आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या मंडळींनी जावा ही भाषा तयार केली. तिच्यात काळासाठी ६४ अंकांची ऐसपैस जागा होती. आरंभ तोच १९७० चा ठेवला, पण मोजणी सेकंदांऐवजी मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत केली. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट नावाची दुसरी भाषा अवघ्या दहा दिवसांत उभी केली, आणि घाईत तारखेचा सगळा संसार जावाकडून जशाचा तसा उचलला. ही भाषा पुढे प्रत्येक ब्राउझरमध्ये जाऊन बसली. अशा रीतीने एक विचित्र वाटणी झाली. ग्राहकासमोरचा पडदा मिलिसेकंदांत बोलतो, आणि मागे दूर कोठे तरी ठेवलेला युनिक्स घराण्याचा संगणक सेकंदांत बोलतो. दोघांचा शक एकच असल्यामुळे त्यांना एकमेकांची भाषा कळते आहे असा भास होतो.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. १ मे २०२४, सकाळी दहा वाजता, हा क्षण घेऊ. तो दोन मापांत असा लिहिला जातो :

```
1714537800
1714537800000
```

पहिली संख्या सेकंदांची, दुसरी मिलिसेकंदांची. पहिली संख्या मिलिसेकंदांची समजून कोणी वाचली, तर तिच्या हजार पटींनी कमी सेकंद होतात, म्हणजे १९ दिवस आणि सुमारे सव्वावीस तास. तेवढे १९७० च्या आरंभापासून पुढे चालत गेलो की भारतीय घड्याळाने २१ जानेवारी १९७० ची मध्यरात्र उलटून पावणेदोन होतात. आपण आरंभी पाहिलेली तारीख ती हीच. या वाचनात पुरे वर्ष पावणेनऊ तासांत आटोपते, म्हणून या शतकातली आतापर्यंतची जवळजवळ सगळी वर्षे १२ ते २१ जानेवारीच्या त्या दहा दिवसांत दाटीवाटीने बसलेली सापडतात. यावरून निदान सोपे होते. तारीख नेमकी १ जानेवारी असेल तर माहितीच आलेली नाही. जानेवारीचा तिसरा आठवडा असेल तर माहिती आली आहे, फक्त हजाराने गुणायचे राहिले आहे :

```
new Date(1714537800)         // 1970
new Date(1714537800 * 1000)  // 2024
```

उलट चूक झाली, म्हणजे मिलिसेकंदांची संख्या सेकंदांची म्हणून वाचली, तर काळ हजार पटींनी लांबतो आणि आपला मे महिना इसवी सन ५६३०१ मध्ये जाऊन पडतो. तेही डोळ्यांना लगेच दिसते, आणि काही प्रणाली तर पाच अंकी वर्ष स्वीकारीतच नाहीत. फसवी आहे ती तिसरी तऱ्हा. मिलिसेकंदांची ही लांबलचक संख्या जुन्या ३२ अंकांच्या जागेत कोंबली, तर वरचे अंक गळून पडतात आणि उरलेल्या भागाला यंत्र सेकंद समजते. आपल्या उदाहरणात उरतात ते असे :

```
845848896
```

याची तारीख होते २१ ऑक्टोबर १९९६, पहाटेचे साडेतीन. ही तारीख कोणालाही खटकणार नाही. कोणी म्हणेल, जुनी नोंद असेल. हे लक्षात येण्याची खूण एकच. एकापाठोपाठ आलेल्या नोंदी पाहिल्या तर मुळातला एक सेकंदही इथे हजार सेकंदांची, म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटांची, उडी मारतो, आणि सुमारे पन्नास दिवसांत तारखा १९०१ पासून २०३८ पर्यंतचा सारा फेरा संपवून पुन्हा मागे येतात. एकट्या नोंदीवरून मात्र काहीच उमगत नाही.

हानी कोठे होते, हे पाहण्यासाठी एक रोजचा व्यवहार घेऊ. एखाद्या सेवेत आपण नाव आणि गुप्तशब्द देऊन शिरलो की तिथला संगणक आपल्याला एक सहीबंद चिठ्ठी देतो, म्हणजे पुन्हा पुन्हा गुप्तशब्द विचारावा लागत नाही. अशा चिठ्ठीचा एक सर्वमान्य नमुना २०१५ मध्ये ठरला. त्याला `JWT` म्हणतात. चिठ्ठीची मुदत कधी संपते हे `exp` या रकान्यात लिहितात, आणि नियमाप्रमाणे ते सेकंदांत लिहायचे असते. ब्राउझरमधले किंवा जावास्क्रिप्टचे `Date.now()` मात्र मिलिसेकंद देते. समजा, तपासणाऱ्याने सेकंदांतली मुदत मिलिसेकंदांतल्या आजच्या घडीशी ताडून पाहिली. आजची संख्या मुदतीपेक्षा हजार पट मोठी असल्याने प्रत्येक चिठ्ठी जन्मतःच मुदतबाह्य ठरते. लोक आत शिरता क्षणी बाहेर फेकले जातात, तासाभरात तक्रारींचा पाऊस पडतो आणि चूक त्याच दिवशी सापडते. आता चिठ्ठी देणाऱ्यानेच `exp` मध्ये मिलिसेकंद लिहिले आणि तपासणाऱ्याने नियमाला धरून ते सेकंद म्हणून वाचले, असे समजा. एका तासाची म्हणून दिलेली चिठ्ठी पन्नास हजार वर्षांहून अधिक काळ चालते. कोणीही बाहेर फेकले जात नाही, म्हणून कोणी तक्रारही करीत नाही. चोरीला गेलेली चिठ्ठी उद्याही चालेल आणि दहा वर्षांनीही चालेल. १९७० ची तारीख निदान स्वतःच ओरडून सांगते. ही चूक मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाही. शोधण्याचा मार्ग साधा आहे. चिठ्ठी उलगडून `exp` चे अंक मोजावेत. ते दहा असले पाहिजेत. तेरा असले तर दुखणे सापडले.

या दहा-तेराच्या मोजणीवर पुष्कळांची भिस्त असते, आणि चालू काळातील घटनांपुरती ती योग्यही आहे. ९ सप्टेंबर २००१ रोजी सेकंदांनी शंभर कोटींचा टप्पा गाठला, तेव्हापासून सेकंदांची संख्या दहा अंकी आहे आणि मिलिसेकंदांची तेरा अंकी. हा नियम २० नोव्हेंबर २२८६ पर्यंत टिकेल. पण काही जण यावरून एक शहाणा दिसणारा मध्यस्थ तयार करतात. दहा अंक आले तर सेकंद समज, तेरा आले तर मिलिसेकंद समज, अशी त्याला आज्ञा देतात आणि जुने सारे दप्तर त्याच्या हाती सोपवतात. विक्रीच्या पावत्या तो नीट लावील. जन्मतारखांच्या रकान्यात मात्र तो नको ते करून बसेल. १५ फेब्रुवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीची जन्मतारीख मिलिसेकंदांत अशी असते :

```
3888000000
```

अंक दहा. मध्यस्थ तिला सेकंद समजतो आणि त्या माणसाचा जन्म १६ मार्च २०९३ रोजी होणार असे दप्तरात लिहून ठेवतो. निवृत्तिवेतनाचे वय मोजणारा पुढचा कार्यक्रम त्याला वजा वय देतो, किंवा त्याची नोंदच बाजूला सारतो. १९७० पूर्वी जन्मलेल्यांच्या संख्या तर ऋण असतात, आणि उणे चिन्ह हाही एक अंक म्हणून मोजला गेला तर त्यांचीही गफलत होते.

म्हणून मिसळलेले दप्तर निवडायला बसणाऱ्याने अंक मोजण्याआधी नोंद कोणत्या मार्गाने आली ते पाहावे. ब्राउझरवरून आलेल्या नोंदी निराळ्या काढाव्यात, मागच्या यंत्रांनी घातलेल्या निराळ्या काढाव्यात, आणि त्या त्या गठ्ठ्याला एकदाच गुणावे किंवा भागावे. मूळ संख्येचा रकाना पुसू नये, शेजारी नवा रकाना काढावा. कारण दोनदा गुणले गेलेले दप्तर पुन्हा जागेवर आणणे फार कष्टाचे होते. नव्या रकान्याचे नाव `created_at` एवढेच न ठेवता `created_at_ms` असे ठेवले, तर पुढे ते हाताळणाऱ्याला माप नावातच वाचता येते.