पहाटेच्या ओळी : एका पांतुमवर भाष्य

पहाट झाली की आई उठून बसते
कडी जराशी वाजली, जाग येते
अंगणात बाज, वर आभाळ असते
ती हाताला धरून बाहेर नेते

कडी जराशी वाजली, जाग येते
गुलाल अजून हाताला लागलेला
ती हाताला धरून बाहेर नेते
सारा गाव रस्त्यावर जागलेला

गुलाल अजून हाताला लागलेला
अंगणात बाज, वर आभाळ असते
सारा गाव रस्त्यावर जागलेला
पहाट झाली की आई उठून बसते

या भाष्यासाठीच रचलेल्या या पांतुममागे 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आहे. विसर्जनाची रात्र सरत होती आणि चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारी, सास्तूरच्या पट्ट्यात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं.

ओळ 1 ते 4 : सगळं आजचं. भूकंपानंतर छताखाली झोप न लागणाऱ्या बाईची ही सवय आहे. चौथ्या ओळीतली ‘ती’ म्हणजे आईच.

ओळ 5 ते 8 : मलायी पांतुमच्या नियमाप्रमाणे आधीच्या कडव्यातली दुसरी आणि चौथी ओळ इथे पहिली आणि तिसरी होते. आपल्याकडे दामयमकात चरणाच्या शेवटची अक्षरं पुढच्या चरणाच्या आरंभी येतात. इथे अख्खी ओळच उचलली जाते. पाचव्या ओळीत एकही अक्षर बदललेलं नाही, पण सहाव्या ओळीतला गुलाल तिला त्या रात्रीत ओढून नेतो. मराठी वर्तमानकाळ हे करू देतो: ‘येते’ रोजचंही असतं आणि गोष्ट सांगताना त्या क्षणाचंही. म्हणून सातव्या ओळीतली आई आता तरुण आहे, आणि हात लेकराचा. ओळीत तारीख घातली असती, तर ती दोन काळांत फिरू शकली नसती. दुसऱ्यांदा नुसती माहिती उरली असती.

ओळ 9 ते 12 : शेवटच्या कडव्यात पहिल्या कडव्याच्या उरलेल्या दोन ओळी उलट क्रमाने परततात. दहावी ओळ मला या रचनेत सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘असते’ हे क्रियापद नित्याचं. एका घडलेल्या रात्रीबद्दल आपण ‘होतं’ म्हणू. गुलाल आणि जागलेला गाव यांच्यामध्ये ‘असते’ आलं की एकदाच घडलेली रात्र रोजची होते. नवव्या आणि अकराव्या ओळीला तर पूर्ण क्रियापदच नाही, त्यामुळे त्या कोणत्याही काळात बसतात. बाराव्या ओळीत आई का उठते, हे आता वाचणाऱ्याला ठाऊक असतं. पहिल्या वेळी ती सवय होती, इथे ती कारणासकट येते. मात्र या ओळीत कविता पुन्हा पहिल्याच ओळीवर येते. कारण कळल्याने आईचं उठणं थांबत नाही.